कागदावरची जात आणि एक अक्षर

(गडचिरोलीतल्या पोरांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, दोनचार शिव्या काढल्यात.)

दोस्तांनो,

मला इथं कविता म्हणायला बोलावलं होतं. कविता नंतर म्हणतो. अगोदर एक कागद काढतो. हा माझ्या धाकट्या बहिणीच्या जात प्रमाणपत्राचा जुना कागद. लाल पेनाने तीन ठिकाणी गोल केलेत. ते गोल मी केलेले नाहीत, समोरच्या टेबलावर बसलेल्या बाबूने केले. आणि त्या तीन गोलांपायी माझ्या बहिणीचा एक अर्ज गेला. कुठल्या खात्याचा ते सांगत नाही. खात्याला शिव्या घालून पोट भरत नाही आणि चूक त्या खात्याची नव्हतीच. चूक आमच्या कागदात होती, आणि तो कागद सहा वर्षं आमच्या ट्रंकेत पडून होता. कोणी वाचला नव्हता. मी मॅट्रिक झालेलो, कविता छापून येतात, आणि घरातला एक पानाचा कागद मी कधी डोळे लावून वाचला नव्हता.

मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर काम करतो. आमच्याकडे पेटी उतरली की पहिल्यांदा तिचा नंबर वाचतात. चार अक्षरं, सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा हा तपासणीचा असतो. अगोदरच्या अक्षरांचा आणि आकड्यांचा एक ठरलेला हिशेब केला की तोच आकडा आला पाहिजे. कोणी एक अक्षर चुकीचं लिहिलं की हिशेब जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथं उघडी पडते. लोखंडाच्या डब्याला अशी सोय आहे. जात प्रमाणपत्राला नाही. तिथं तपासणीचा आकडा आपणच. आपण वाचलं नाही तर चूक गप्प बसते, आणि बरोब्बर त्या दिवशी बोलते ज्या दिवशी आपल्याकडे दुरुस्तीला वेळ नसतो.

आता पहिला गोल सांगतो, कारण तोच सगळ्यात मोठा आहे आणि आपल्यातल्या निम्म्या घरांत तो बसलेला असणार.

आमचं मूळ गाव या जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या अंगाने. आजा तिथलाच. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा दिली आणि दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चांद्याला. आज त्याला चंद्रपूर म्हणतात. आजा त्या दिवशी चांद्याला होता. अठरा वर्षांचा. पायी आणि बैलगाडीने गेला होता म्हणायचा. परत आला तो बौद्ध होऊन. पुढे बापाला शाळेत घातलं तेव्हा मास्तराने जात विचारली. आजाने छाती काढून सांगितलं, बौद्ध. मास्तराने दाखल खारीज रजिस्टरात जातीच्या रकान्यात लिहिलं, बौद्ध. आजाचं बरोबर होतं. मास्तराचंही त्याच्या परीने बरोबर होतं. पण सरकारच्या यादीत बौद्ध नावाची जात नाही. बौद्ध हा धर्म आहे.

यादी म्हणजे काय ते नीट ऐका. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्यात राज्याराज्याच्या जातींची नावं आहेत. महाराष्ट्राच्या यादीत आपली नोंद महार अशी आहे, तिच्यासोबत मेहरा, तराळ, धेगू मेगू ही नावं एकाच ओळीत आहेत. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट होती. आधी हिंदू, मग १९५६ मध्ये शीख आले. बौद्ध नव्हते. म्हणजे आजाने चांद्याला पंचशील म्हटलं त्या दिवसापासून केंद्राच्या लेखी तो अनुसूचित जातीचा राहिला नाही. राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राचं दार बंद होतं. ते उघडलं १९९० मध्ये. संसदेने तिसऱ्या परिच्छेदात हिंदू, शीख यांच्या पुढे बौद्ध हा शब्द घातला. चौतीस वर्षं लागली एका शब्दाला.

पण बघा, शब्द घातला तो धर्माच्या परिच्छेदात. जातींच्या यादीत नाही. म्हणून आजही केंद्राच्या नोकरीला, केंद्राच्या परीक्षेला जे प्रमाणपत्र लागतं त्याच्या नमुन्यात अमुक याची जात तमुक, ती १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जात म्हणून मान्य आहे, असं वाक्य असतं. त्या तमुकच्या जागी यादीतलं नाव हवं. म्हणजे महार. धर्म बौद्ध हे वेगळं. आणि राज्याच्या कामाला आपल्याला जे मिळतं त्याचा नमुना वेगळा आहे. त्यात अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मात धर्मांतरित, अशा अर्थाचा मजकूर असतो. दोन्ही खरे, दोन्ही सरकारी, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

माझ्या बहिणीच्या कागदावर जातीच्या रकान्यात होतं 'बौद्ध (अनुसूचित जाती)'. महार हा शब्द अख्ख्या कागदावर कुठंच नाही. टेबलावरच्या बाबूने यादी पुढे केली. म्हणाला, "दाखवा, यात बौद्ध कुठं आहे?" बहीण बोलली, "आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच आहोत." तो म्हणाला, "पिढी नको, ओळ दाखवा." मला राग आला. आजही येतो. ज्या शब्दापासून सुटायला आजा चांद्याला चालत गेला, तोच शब्द कागदावर नाही म्हणून नात मागे पाठवली. पण राग एका खिशात ठेवा आणि कागद दुसऱ्या खिशात. प्रमाणपत्र हा आपला परिचय नव्हे. ती यादीतल्या ओळीची पावती आहे. आपण कोण हे सांगायला आपल्याला कविता आहेत, मोर्चे आहेत.

आणि एका शब्दाने काय होतं हे आपल्या विदर्भाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांची नोंद आहे. तिच्यात पोटनावांची लांब रांग आहे, माना त्यातच आहे, आणि 'गोंड गोवारी' असं एक नाव आहे. गोवारी समाज म्हणत होता की हे आम्हीच. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरला विधानभवनावर त्यांचा मोर्चा गेला, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं मेली. बायका, लेकरं. १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला की गोंड गोवारी म्हणजे गोवारीच. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गोवारी हे गोंड गोवारी नव्हेत म्हणाले. दोन निकालांच्या मधल्या काळात ज्यांना प्रवेश किंवा नोकरी मिळाली त्यांची तेवढी राखली. त्याच्याही अगोदर, नोव्हेंबर २००० मध्ये, हलबा कोष्टींच्या मिलिंद प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगून ठेवलं होतं की यादी जशी आहे तशीच वाचायची, पुरावा आणून तिच्यात पोटनाव घुसडता येत नाही. यादी बदलायची तर संसदेने. म्हणजे तुमचा तहसीलदार, तुमचा एसडीओ, तुमच्या समितीचा अध्यक्ष, यातला कोणी मनात आणलं तरी बौद्ध या शब्दाचा अर्थ महार असा लावून देऊ शकत नाही. कागदावर तो शब्द लिहिलेला पाहिजे.

तर आम्ही काय केलं? बापाचा दाखला बौद्ध. त्यावर काही होईना. मग आजाचं शोधलं. आजा १९४६ साली गावच्या शाळेत होता, दोन वर्षं. शाळेतलं जुनं दाखल खारीज रजिस्टर अजून आहे, पानं चिवड्यासारखी झालेली. गुरुजी भला माणूस. म्हणाले, "बसा जी, हळूहळू पलटवा, फाडू नका म्हणजे झालं." तिसऱ्या दिवशी आजाचं नाव सापडलं. जात, महार. १९५० च्या अगोदरची नोंद, सरकारी शाळेची, शाईने लिहिलेली. तिचा उतारा घेतला, मुख्याध्यापकाच्या सही शिक्क्यानिशी. ज्यांच्या घरी कोणी शाळेत गेलंच नाही त्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात गावची जुनी कोतवाल पंजी शोधावी. तिच्यात जन्ममरणाच्या नोंदी असतात आणि बहुतेक ठिकाणी जात लिहिलेली असते. मग वंशावळ. आजा, त्याचा मुलगा आमचा बाप, त्याची मुलगी बहीण. प्रत्येक पायरीला एक कागद. त्याच्यावर बापाच्या 'बौद्ध'ला पाठीमागून 'महार'चा आधार मिळाला.

इथं एक सांगून ठेवतो, कारण पोरं हे करतात. बापाच्या दाखल्यातला बौद्ध खोडून महार करायला जाऊ नका. दुकानात स्कॅन करून तर अजिबात नको. समितीच्या दक्षता पथकाचा माणूस शाळेत जाऊन मूळ रजिस्टर बघतो. खाडाखोड दिसली की खरी नोंदही खोटी ठरते, आणि २००१ च्या कायद्यात खोट्या प्रमाणपत्राला शिक्षा आहे, मिळालेलं सगळं परत जातं. बौद्ध ही नोंद चूक नाहीच. आजा महार, बाप बौद्ध, ही ओळ सरळ आहे. मधे १९५६ आहे एवढंच. शाळेतली खरोखरची लेखनिकाची चूक असेल, म्हणजे महारचं 'म्हाली' झालं असेल, तर ती शाळेकडूनच दुरुस्त करायची. मुलगा शाळेत आहे तोवर सोपं. शाळा सोडल्यावर माध्यमिक शाळा संहितेचा नियम २६.४ आडवा येतो, मग शिक्षणाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय मुख्याध्यापक रजिस्टराला हात लावू शकत नाही. म्हणून धाकट्या भावंडांचं दाखल खारीज आत्ताच बघून घ्या, ती दहावी व्हायच्या आत.

दुसरा गोल नावावर होता. बापाचं नाव तुळशीराम. दहावीच्या गुणपत्रिकेत Tulshiram. जात प्रमाणपत्रात Tulsiram. आधारवर Tulashiram. एकाच माणसाला तीन बाप, असं तो बाबू हसून म्हणाला. हसू द्या. मराठीत 'श' आहे का 'स' आहे याचं इंग्रजी दरवेळी टायपिंग करणाऱ्याच्या बोटावर असतं. सेतू केंद्रात आपण रांगेत तिसरे असतो, तो घाईत टाइप करतो, आपण म्हणतो, "हो हो, तेच." तिथंच थांबायचं. अर्ज पाठवण्याअगोदर तो आपल्याला पडद्यावर दाखवा म्हणायचं आणि दहावीची गुणपत्रिका हातात धरून एकेक अक्षर बोट ठेवून वाचायचं. गुणपत्रिका का? कारण पुढचे सगळे अर्ज तिच्याशी ताडून बघतात. आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि त्यांचा क्रमसुद्धा. कुठं आडनाव आधी, कुठं शेवटी, क्रमाच्या फरकाला बहुतेक जण सोडून देतात. अक्षराच्या फरकाला सोडत नाहीत.

प्रमाणपत्र हातात आल्यावर चूक दिसली तर पेनाने दुरुस्त करायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. ज्याने प्रमाणपत्र दिलं त्याच कार्यालयात मूळ प्रत, गुणपत्रिका आणि साधा अर्ज घेऊन जायचं आणि दुरुस्त नवं मागायचं. अर्जाची पोच घ्यायची, तारखेच्या शिक्क्यासह. पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता असं समजा. तीन बापांसाठी आम्ही एक प्रतिज्ञापत्रही केलं, की ही तिन्ही नावं एकाच माणसाची. ते तात्पुरतं चालतं, टेबलावरच्या माणसावर आहे. कायमचा उपाय म्हणजे कागद एकसारखे करणं.

लग्न झालेल्या बहिणींसाठी दोन शब्द. जात बापाकडून येते, नवऱ्याकडून नाही. प्रमाणपत्र माहेरच्या नावावरच राहील, ते बदलून सासरच्या नावावर करायला जाऊ नका. अर्जात सासरचं नाव असेल तर सोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे दोन नावं जुळतात. सिरोंच्याकडे गोदावरीपलीकडून तेलंगणातून सून येते, तिला वाटतं इथं आले, आता इथली. तिचा कागद तिच्या बापाच्या राज्याचा. इथल्या यादीतली राज्याची सवलत त्यावर मिळत नाही.

आता तिसरा गोल. सही कोणाची?

हे आमच्या घरात सगळ्यात हास्यास्पद झालं. ट्रंकेत आमच्याकडे सरपंचाचा दाखला होता, पोलीस पाटलाचा होता, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला होता, एका आमदाराचं शिफारसपत्र होतं. शिक्के बघितले तर वाटेल घरात खजिना आहे. चालणारा कागद एक. २००० चा जात प्रमाणपत्राचा कायदा, जो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला, त्याचं कलम ४ सांगतं की सक्षम प्राधिकाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी दिलेलं जात प्रमाणपत्र अवैध. अवैध म्हणजे कमी वजनाचं नव्हे, कागदच नाही. आपल्या जिल्ह्यात सक्षम प्राधिकारी म्हणजे उपविभागीय अधिकारी, ज्याला आपण एसडीओ म्हणतो. तहसीलदार नाही. तहसीलदाराचं काम उत्पन्नाच्या प्रमाणपत्राचं. तलाठ्याचा दाखला हा तहसीलदाराने उत्पन्न ठरवावं म्हणून जोडायचा असतो. पोरं तलाठ्याचाच दाखला शिष्यवृत्तीला लावतात आणि वर्षभर वाट बघतात. बापाच्या वेळचं, २००१ च्या अगोदरचं, तहसीलदाराच्या किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र असेल तर फेकू नका. पुरावा म्हणून ते सोन्याचं आहे. पण तुमच्या नव्या अर्जाला एसडीओचं घ्या.

आणि कुठला एसडीओ? इथं मुंबईकर चुकतात. मी चुकलो. मी जन्माने मुंबईचा, रेशनकार्ड मुंबईचं, म्हणून मुंबईत अर्ज टाकला. परत आला. नियम असा की १० ऑगस्ट १९५० ला तुमचा बाप किंवा आजा जिथं राहत होता तिथल्या अधिकाऱ्याकडे जायचं. आमचा आजा १९५० ला इथं होता. म्हणजे गडचिरोली जिल्हा. पण कागदावर जिल्हा बघा. १९५० ला गडचिरोली जिल्हा नव्हताच, तो २६ ऑगस्ट १९८२ ला चांद्यापासून वेगळा झाला. म्हणून जुन्या उताऱ्यावर 'जिल्हा चांदा' दिसेल, नव्या प्रमाणपत्रावर 'जिल्हा गडचिरोली'. ती तफावत नव्हे. घाबरू नका, फक्त विचारलं तर वरची तारीख सांगता आली पाहिजे. आणखी एक. १९५० ला हा सगळा मुलूख मध्य प्रदेश राज्यात होता. १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. आजाच्या एखाद्या कागदावर मध्य प्रदेश वाचून कोणी म्हणेल, तुम्ही परप्रांतातून आलेले, तुमचा नमुना स्थलांतरितांचा. नाही. आम्ही जागचे हललो नाही, सीमा आमच्यावरून गेल्या. स्थलांतरिताच्या नमुन्यात प्रमाणपत्र आलं तर तिथंच परत करा, कारण त्या नमुन्यावर राज्याच्या सवलती जातात. हातात कागद आल्यावर माथ्यावरचा नमुना कोणता आहे हेही वाचायचं ते याच्यासाठी.

सिरोंचा तालुक्यातल्या माणसाला एसडीओसाठी अहेरीला यावं लागतं. शंभर किलोमीटरच्या आसपास, पावसाळ्यात रस्त्याचं काय ते तुम्ही मला सांगा. म्हणून तिथल्या पोरांना एक चुकलेलं अक्षर म्हणजे दोन दिवसांची मजुरी. अर्ज ऑनलाइन 'आपले सरकार'वर जातो हे खरं, पण मूळ कागद दाखवायला बोलावलं की जावं लागतं.

एसडीओने अर्ज नाकारला तर तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. लेखी आदेश मागायचा. त्याच्यावर तीस दिवसांत अपील करता येतं, कायद्याचं कलम ५. तोंडी नकारावर अपील होत नाही.

हा कागद हातात आला तरी तो अर्धाच आहे. त्याच कलम ४ मध्ये पुढचं वाक्य आहे की एसडीओचं प्रमाणपत्र पडताळणी समितीच्या वैधतेच्या अधीन राहूनच वैध. अनुसूचित जातींसाठी जिल्हा जात पडताळणी समिती, जमातींसाठी वेगळी, ती गडचिरोलीला आहे. समिती प्रमाणपत्रातलं नाव आणि पुराव्यातलं नाव एकमेकांवर ठेवून बघते. म्हणून अक्षरांची दुरुस्ती समितीकडे जाण्याअगोदर. समितीने वैधता चुकीच्या नावाने दिली तर मग दोन कार्यालयांत फिरा.

मुदतीचं थोडक्यात. जात प्रमाणपत्राला मुदत नसते. एकदा बरोबर झालं की ते जन्माचं. कोणी म्हणेल तुमचं जुनं झालं, नवं आणा, तर कुठल्या नियमाने ते विचारा. कधी कधी त्याला जुनं म्हणायचं नसतं, केंद्राच्या नमुन्यातलं हवं असतं, ते मात्र खरं. उत्पन्नाचं उलट. उत्पन्नाचं प्रमाणपत्र ३१ मार्चला मरतं. कधीही काढा, मरण त्याच तारखेला. बहिणीचं १२ मार्च २०२३ चं होतं. तिने ऑगस्टमध्ये कॉलेजात शिष्यवृत्तीला लावलं. कागद पाच महिन्यांचाच, शिक्का ताजा, म्हणून चालेल वाटलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, ३१ मार्च २०२३ पर्यंत वैध. एकोणीस दिवस जगलेला कागद. जून जुलैच्या प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीला एप्रिल उजाडल्यावरच काढा, मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न त्यात येतं. तीन वर्षांच्या उत्पन्नाचंही मिळतं, तर अर्जात एक वर्षाचं मागितलंय की तीन, ते आधी बघा. आणि आकडा वाचा. अंकांत ८४,००० आणि अक्षरांत 'अठ्ठेचाळीस हजार' असं मी डोळ्यांनी बघितलंय. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला केंद्राच्या २०२१ च्या सूचनांत आईबापाची मर्यादा अडीच लाख. एक शून्य जास्त पडलं की आपला बाप कागदावर सावकार होतो.

ओबीसी दोस्त बसलेत, त्यांनी नॉन क्रिमीलेअरची तारीखही अशीच वाचावी, ते जातीच्या कागदासारखं जन्माचं नसतं. आपल्याला ते लागत नाही.

बहिणीचं पुढं काय झालं, असं मागच्या बाकावरून विचारताहेत. तिचा तो अर्ज गेला तो गेलाच, जागा भरली. नवं प्रमाणपत्र यायला चार महिने लागले. आलं त्या दिवशी ती सेतू केंद्राच्या पायरीवर बसली, गुणपत्रिका मांडीवर, आणि बोट ठेवून मोठ्याने वाचत होती. जात, महार. धर्म, बौद्ध. बापाचं नाव, टी यू एल एस एच. माय बाजूला उभी होती. ती म्हणाली, "काहून एवढ्या मोठ्यानं वाचून राहिली? लोक आयकते ना." बहीण म्हणाली, "आयकू दे." आणि गावाचं नाव, तालुका, जिल्हा, सहीखालचं पद, सगळं वाचून झाल्यावर पुन्हा वरून सुरू केलं.

तुमच्यापैकी ज्यांनी आपले कागद आणलेत त्यांनी पुढे या. गुणपत्रिका बरोबर ठेवा.